नमस्कार आणि प्रश्न यांच्यामधला एक सेकंद: अनोळखी माणसाला रस्ता आणि वेळ विचारण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 23 वर्षांच्या एका उमेदवाराचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, शहर आणि कार्यालयाचं नाव गाळलं आहे. त्याला कागदपत्र पडताळणीसाठी एका अपरिचित शहरातल्या सरकारी कार्यालयात सकाळी 11 च्या आत पोचायचं होतं. 11 वाजता दार बंद होईल, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. तो गाडीतून उतरला तेव्हा 10 वाजून 14 मिनिटं झाली होती. कार्यालय स्टेशनपासून पायी 10 ते 15 मिनिटांवर होतं, पण हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. नकाशा मोबाइलमध्ये होता आणि मोबाइल प्रवासातच बंद पडला होता. हातात घड्याळ नव्हतं. पत्ता तेवढा छापील पत्रावर होता.

म्हणजे त्याला लोकांकडून दोन गोष्टी हव्या होत्या, रस्ता आणि वेळ. त्यांचं वजन सारखं नाही. वेळ सांगायला समोरच्याला मनगटाकडे किंवा खिशाकडे एक नजर पुरते. रस्ता सांगायचा तर त्याला थांबावं लागतं, डोळ्यांसमोर वाट आणावी लागते, ती शब्दांत मांडावी लागते आणि विचारणाऱ्याला कळली की नाही तेही पाहावं लागतं. पुढे जे बिघडलं आणि जे सुधारलं, त्यात या फरकाचा वाटा मोठा आहे.

पहिल्या दहा मिनिटांत त्याने चार जणांना विचारलं आणि उपयोगी पडेल असं काही हाती आलं नाही. पाचव्या माणसाकडून दीड मिनिटात दोन्ही गोष्टी मिळाल्या. या चारांपैकी दोघांना त्याने व्यवस्थित 'नमस्कार' म्हटलं होतं. त्यामुळे 'नम्रपणे विचारलं नाही म्हणून उत्तर मिळालं नाही' एवढं म्हणून हे प्रकरण मिटत नाही. नमस्कार होता, तरी तो वाया गेला. कसा गेला, ते पाहायचं आहे.

अडचण: चार प्रयत्न

पहिला प्रयत्न. पुढे चालणाऱ्या एका माणसाला त्याने मागून, चालता चालता विचारलं, "किती वाजले?" माणूस तसाच पुढे गेला. उमेदवाराला वाटलं, त्याने मुद्दाम दुर्लक्ष केलं. तसं असण्याची शक्यता कमी आहे. रस्त्यावर कानावर पडणारे बहुतेक शब्द आपल्यासाठी नसतात, आणि सगळे तसंच धरून चालतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 मध्ये या वागण्याचं वर्णन केलं: अनोळखी माणसं एकमेकांना ओझरतं पाहतात आणि लगेच नजर काढून घेतात. 'तू दिसलास, पण तुझ्यात लक्ष घालत नाही' असा तो मूक करार असतो. हा करार मोडल्याची खूण मिळाल्याशिवाय समोरचा ऐकायलाच लागत नाही. 'किती वाजले' हे दोनच शब्द होते आणि ते दोन्ही त्याचं लक्ष वळायच्या आत संपले.

दुसरा प्रयत्न. समोरून झपाझप येणाऱ्या एका बाईंच्या वाटेत तो आडवा आला आणि हातभर अंतरावरून म्हणाला, "एक्सक्यूज मी, हे ऑफिस..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी मान हलवली आणि बाजूने निघून गेल्या. इथे शब्दांपेक्षा अंतर आणि दिशा आड आली. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1966 मध्ये अंतरांचे टप्पे मांडले. त्यांत साधारण 1.2 मीटरच्या आतली जागा ओळखीच्या माणसांची आणि त्यापलीकडची कामापुरत्या बोलण्याची, असं धरलं आहे. हे माप प्रत्येक समाजात तेच असतं असं नाही, पण चालत्या माणसाच्या पुढ्यात अर्ध्या मीटरवर उभं राहणं कुठेही अडवण्यासारखंच वाटतं. अडवलं गेलेलं माणूस आधी सुटायचं पाहतं, ऐकायचं नंतर.

तिसरा प्रयत्न. आता त्याने नम्रपणा वाढवला. एका मध्यमवयीन गृहस्थांसमोर योग्य अंतरावर थांबून तो म्हणाला, "नमस्कार सर, मी बाहेरगावाहून आलोय, माझा मोबाइल बंद पडलाय, गाडी पण लेट होती, आणि माझं एक खूप महत्त्वाचं काम..." गृहस्थ म्हणाले, "नाही नाही, सुट्टे नाहीत." आणि निघाले.

या प्रयत्नात सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे. नमस्कार होता, अंतर बरोबर होतं, शब्दही सौम्य होते. पण नमस्कारानंतर लगेच अडचणींची मालिका सुरू झाली आणि मागणी काय आहे ते मात्र कळेना. अनोळखी माणसाने नमस्कार केला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, 'याला माझ्याकडून काय हवंय?' उत्तर लवकर मिळालं नाही तर तो स्वतःच अंदाज बांधतो. अडचणी आधी आणि मागणी शेवटी हा क्रम पैसे मागणारे आणि काहीतरी विकणारे नेहमी वापरतात, त्यामुळे अंदाज तिकडेच झुकतो. त्या गृहस्थांनी रस्ता सांगायला नकार दिला नव्हता. त्यांना रस्ता विचारलाच गेला नव्हता.

चौथा प्रयत्न. 10 वाजून 24 मिनिटांच्या सुमारास त्याने आखूड वाक्य केलं आणि एका दमात विचारलं, "नमस्कार, किती वाजले आणि हे कार्यालय कुठे आलं?" त्या माणसाने मोबाइल काढून पाहिला, "साडेदहा होत आले" म्हणाला, आणि चालायला लागता लागता हात डावीकडे झाडला, "ते काय, तिकडे पुढे."

दोन प्रश्न एकत्र विचारले की सोपं उत्तर पूर्ण मिळतं आणि अवघड उत्तराची बोळवण होते. वेळ सांगून झाली की माणसाला आपलं काम झाल्यासारखं वाटतं आणि रस्ता हाताच्या एका फटकाऱ्यात उरकतो. शिवाय इथे नमस्कार आणि प्रश्न यांच्यामध्ये श्वासाइतकीही जागा नव्हती, म्हणून नमस्काराला उत्तर आलंच नाही. उमेदवार डावीकडे पाच मिनिटं चालला. कार्यालयाची पाटी दिसली नाही, आणि 'पुढे' म्हणजे किती पुढे हे तर कुणी सांगितलंच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

एका बंद गेटाशी तो थांबला. त्याच्या हिशेबाने साडेदहा वाजून गेले होते आणि वाट बरोबर आहे याची खात्री नव्हती. हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण. त्याच्यापुढे चार पर्याय होते, असं त्याने नंतर सांगितलं.

पहिला, दाखवलेल्या दिशेने तसंच चालत राहायचं. यात विचारायचा त्रास नव्हता, पण चूक असेल तर ती प्रत्येक पावलागणिक वाढणार होती. दुसरा, मोबाइल चार्ज करायला जागा शोधायची. पूर्ण उतरलेला मोबाइल सुरू व्हायलाच काही मिनिटं जातात, आणि जागा शोधण्यासाठीही कुणाला तरी विचारावंच लागलं असतं. तिसरा, जो दिसेल त्याला घाईघाईने विचारत सुटायचं, दहांतला एक तरी सांगेल या भरवशावर. घाईत बहुतेक माणसं हाच पर्याय घेतात. त्याला तो आवडत होता, कारण त्यात निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण अशा विचारण्याला मिळणारी उत्तरं चौथ्या प्रयत्नासारखीच असतात. ती येतात भराभर, पण त्यांच्यावर चालायला लागावं इतकी ती पक्की नसतात.

चौथा पर्याय म्हणजे एकच माणूस नीट निवडायचा आणि त्याच्याशी बोलणं व्यवस्थित उघडायचं. यात अर्धा मिनिट जास्त जाणार होता. त्याने हाच पर्याय घेतला. आपण घाईत आहोत हे लोकांना माझ्या बोलण्यावरूनच कळतंय आणि म्हणून तेही घाईत उत्तर देतायत, असं त्याला वाटलं. हे कारण साधं होतं आणि बरोबरही होतं.

केलेली कृती: पाचवा प्रयत्न

माणूस निवडताना त्याने चालणाऱ्यांना वगळलं. एका बस थांब्यावर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ वर्तमानपत्राची घडी हातात धरून उभे होते. फोनवर नव्हते, कानात काही नव्हतं, कुणाशी बोलत नव्हते. थांब्यावर उभा असलेला माणूस बहुधा त्याच भागात राहणारा किंवा रोज येणारा असतो, आणि बस येईपर्यंत त्याला वेळही असतो.

उमेदवार त्यांच्याकडे समोरून पण जरा तिरका गेला, म्हणजे येताना दिसेल पण थेट अंगावर आल्यासारखं वाटणार नाही. दीडेक मीटरवर थांबला. आधी थांबला आणि मग बोलला, हेही महत्त्वाचं. चालत चालत केलेला नमस्कार हा 'बरंय, जातो' असाही वाटू शकतो. पाय थांबलेले दिसले की बोलणं पुढे चालणार आहे हे समोरच्याला कळतं.

"नमस्कार काका."

इथे तो गप्प राहिला. काकांनी घडीवरून नजर वर केली.

"हं, बोल."

"एक पत्ता विचारायचा होता."

"कुठला?"

त्याने पत्र पुढे केलं आणि कार्यालयाचं नाव वाचून दाखवलं.

"जुनं ऑफिस की नवं?"

पत्रावर नावाखाली 'विस्तारित इमारत' असे दोन शब्द बारीक अक्षरांत होते. पहिल्या चौघांना विचारताना त्याने ते उच्चारलेच नव्हते. आता त्याचं लक्ष गेलं.

"विस्तारित इमारत लिहिलंय."

"मग ते नवं. इकडे कुठे आलास? हा रस्ता जुन्या ऑफिसचा. नवं स्टेशनच्या पलीकडे आहे."

म्हणजे चौथ्या माणसाने दिशा चुकीची सांगितली नव्हती. विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. त्या नावाची दोन कार्यालयं आहेत हे त्यालाही कदाचित ठाऊक असेल. पण 'जुनं की नवं' असं उलट विचारायला त्याला जागाच मिळाली नव्हती.

नमस्कारानंतरच्या थांबण्याने नेमकं काय साधलं, ते इथे दिसतं. संभाषणाचे अभ्यासक इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी 1968 मध्ये टेलिफोनवरच्या सुमारे 500 संभाषणांच्या सुरुवाती तपासल्या. त्यांना दिसलं की बोलणं हाक आणि प्रतिसाद या जोडीने उघडतं. हाक मारणाऱ्यावर पुढचं बोलण्याची जबाबदारी येते, आणि 'हं' म्हणणारा ऐकायला बांधला जातो. 'हं, बोल' म्हणताच काका या बोलण्यात सामील झाले. सामील झालेला माणूस उलट प्रश्न विचारू शकतो, आणि रस्ता सांगणाऱ्याचा उलट प्रश्न हा बहुतेक वेळा त्याच्या उत्तराइतकाच कामाचा असतो. प्रतिसाद मिळण्याआधीच प्रश्न टाकला, तर समोरच्याला उत्तर देणं किंवा टाळणं एवढंच शिल्लक राहतं.

हे थांबणं किती लांबीचं असावं? बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा भाषांच्या तुलनेत हा आकडा सगळीकडे याच्या आसपास आढळला. त्यामुळे नमस्कार म्हणून पूर्ण एक सेकंद थांबलं की बोलणाऱ्याला ते फार लांबल्यासारखं वाटतं आणि तो प्रश्न उरकून टाकतो. पण वर्तमानपत्रातून मान वर काढायची, कोण बोललं ते पाहायचं, आपल्यालाच म्हणतोय हे ओळखायचं, यालाच अनोळखी माणसाला जवळपास तेवढा वेळ लागतो. दुसरीकडे, गेल जेफर्सन यांनी 1989 मध्ये दाखवलं की संभाषणात साधारण एक सेकंदाची शांतता झाली की माणसं ती भरायला धडपडतात. म्हणून एक सेकंद हे माप दोन्ही बाजूंनी योग्य बसतं. तीन सेकंद नुसतं पाहत उभं राहिलं, तर तिसऱ्या प्रयत्नातला तोच संशय पुन्हा डोकं वर काढतो.

'एक पत्ता विचारायचा होता' हे छोटं वाक्यही वाया गेलेलं नाही. पैसे नकोत, सही नको, फक्त पत्ता हवा आणि तोही एकच, असा मागणीचा आकार त्यातून आधीच कळतो. तिसऱ्या प्रयत्नात नेमकं हेच राहून गेलं होतं.

मग काकांनी वाट सांगितली: मागे फिरायचं, स्टेशनचा पादचारी पूल ओलांडून पलीकडे उतरायचं, उजवीकडे वळायचं, पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ, तिथे दोन रस्ते फुटतात, त्यातला डावा घ्यायचा, पुढे उजव्या हाताला तीन मजली पांढरी इमारत.

उमेदवाराने ती वाट आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवली: "पूल ओलांडून उजवीकडे, टाकीच्या आधी डावीकडे..."

"आधी नाही. टाकी ओलांडायची, मग डावीकडे."

ही दुरुस्ती झाली नसती तर एक अख्खं वळण चुकलं असतं. वुंडरलिश आणि राइनेल्ट या भाषाभ्यासकांनी 1982 मध्ये रस्ता विचारण्याच्या संवादाचे चार टप्पे सांगितले: सुरुवात, वाट सांगणं, खात्री करून घेणं आणि निरोप. घाईत यातला तिसरा हमखास गळतो. वाट ऐकता ऐकताच माणूस 'हो हो, थँक यू' म्हणतो, आणि त्या आभारांबरोबर बोलणं मिटतं. म्हणून वाट परत म्हणून दाखवायची ती आभारांच्या आधी.

वेळ त्याने शेवटी विचारली, आणि कारणासकट.

"काका, किती वाजले असतील? अकराला तिथलं दार बंद होतं."

काकांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "दहा बत्तीस. पोचशील आरामात."

मघाशी त्याला 'साडेदहा होत आले' असं उत्तर मिळालं होतं, आता मिनिटांचा आकडा मिळाला. हा योगायोग नसावा. व्हान देर हेन्स्ट, कार्ल आणि स्पर्बर यांनी 2002 मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात अनोळखी लोकांना वेळ विचारून पाहिली. बहुतेक जण पाच मिनिटांच्या पटीत वेळ सांगतात, पण विचारणाऱ्याला घड्याळ लावायचं आहे किंवा भेटीची वेळ जवळ आली आहे असं कळलं, की ढोबळ वेळ सांगणं कमी होतं आणि नेमक्या मिनिटाचं उत्तर जास्त वेळा मिळतं. लोक विचारणाऱ्याची गरज ओळखून उत्तर बेततात, पण ती गरज त्यांना ऐकू यावी लागते.

परिणाम

हे सगळं बोलणं साधारण दीड मिनिटात आटोपलं. त्याआधीचे चार प्रयत्न आणि चुकीच्या रस्त्यावरची चाल यांत मिळून पंधरा मिनिटांहून जास्त वेळ गेला होता. नेमकी वेळ कळल्यामुळे त्याने पळत जायचं नाही असं ठरवलं. हाही महत्त्वाचा निर्णय होता, कारण पळणाऱ्या माणसाला वाटेतल्या खुणा दिसत नाहीत.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ते दोनच्या जागी तीन निघाले. एक नवा कच्चा रस्ता काकांनी जमेस धरला नव्हता. तिथे एक बाई फाटकाशी उभ्या होत्या. "नमस्कार ताई." थांबला. "काय?" "विस्तारित इमारतीकडे हाच रस्ता ना?" त्यांनी मान डोलावली. तो 10 वाजून 51 मिनिटांनी दारात पोचला आणि पडताळणी झाली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत मोठी चूक नमस्काराच्या आधीची होती. पत्ता पूर्ण वाचायचा राहिला होता. 'विस्तारित इमारत' हे शब्द पहिल्यापासून प्रश्नात असते, तर चौथा प्रयत्नही कदाचित निभावला असता. उघडलेल्या बोलण्यामुळे ही चूक समोरच्याने पकडली, पण तशी ती प्रत्येक वेळी पकडली जाईलच असं नाही.

नमस्कारासोबतचा संबोधनाचा शब्द दोन्ही ठिकाणी बरोबर पडला. यात मराठीतली एक नेहमीची अडचण आहे. 'काका' म्हणण्याजोगं वय आहे की 'दादा' म्हणण्याजोगं, हे दीड मीटरवरून दर वेळी ठरवता येत नाही, आणि बायकांना 'काकू' किंवा 'मावशी' म्हटलेलं खटकू शकतं. शंका असेल तर पुरुषाला 'दादा', बाईंना 'ताई'. तेही नको वाटलं तर नुसता 'नमस्कार' पुरतो, कारण त्यात हाक आणि आदर दोन्ही आहेत. 'अहो' किंवा 'ओ भाऊ' यांनी लक्ष वेधतं, पण त्यात अभिवादन नाही. त्यानंतर लगेच प्रश्न आला की तो हुकुमासारखा ऐकू येतो. ज्याची पाठ आपल्याकडे आहे त्याच्यासाठी मात्र आधी 'अहो' आणि तो वळल्यावर 'नमस्कार' हा क्रम योग्य आहे. पहिल्या प्रयत्नात तेवढं केलं असतं तरी तो माणूस थांबला असता.

नमस्कार करून थांबल्यावरही उत्तरच आलं नाही तर काय, हा प्रसंग या प्रकरणात आला नाही, पण येतो. एकदाच, जरा स्पष्ट आवाजात पुन्हा म्हणावं. कानात इयरफोन असतील तर आधी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येऊन हात थोडा वर करावा. दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर माणूस सोडावा. तिसऱ्यांदा केलेला नमस्कार पाठलागासारखा वाटतो. निर्मनुष्य जागी किंवा अंधारात एकट्या माणसाशी हे अंतर तीन-चार मीटर ठेवावं, जागेवर उभं राहूनच विचारावं, आणि जमलं तर दोघं-तिघं एकत्र असतील तिथेच विचारावं.

नुसती वेळ विचारायची असेल तर एवढा सरंजाम लागत नाही. "नमस्कार, किती वाजले?" यात स्वल्पविरामाइतकी जागा पुरते, कारण उत्तर एका नजरेत मिळणारं आहे आणि त्यात उलट विचारण्यासारखं काही नाही. एवढ्यासाठी सेकंदभर थांबून 'एक विचारायचं होतं' म्हटलं, तर समोरचा उगाच मोठ्या मागणीसाठी सावध होतो. प्रस्तावना प्रश्नाच्या आकाराइतकी असावी.

नमस्कार कितीही चांगला झाला तरी समोरच्याला रस्ता ठाऊक असेलच असं नाही, आणि बरेच जण 'माहीत नाही' म्हणायला संकोचतात. नीट उघडलेल्या बोलण्यात हा संकोच कधी वाढतोसुद्धा, कारण आदराने विचारणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांना जड जातं. अशा उत्तराची खूण म्हणजे त्यात दिशा असते पण ठिकाण नसतं: 'पुढे', 'तिकडे', 'सरळ सरळ'. तेव्हा "वाटेत काय लागेल?" एवढं विचारावं. ज्याला वाट ठाऊक आहे तो टाकी, पूल, शाळा असं काहीतरी चटकन सांगतो.

आणि टाकीपाशी विचारलेला शेवटचा प्रश्न. "हाच रस्ता ना?" याला मान डोलावणं सगळ्यांत सोपं असतं, वाट ठाऊक असो वा नसो. त्या ताईंना ती ठाऊक होती, म्हणून निभावलं. तीन रस्ते समोर असताना बोट एकाही रस्त्याकडे न दाखवता "विस्तारित इमारतीला यातला कोणता रस्ता जातो?" असं विचारायला हवं होतं, म्हणजे त्यांना स्वतःला रस्ता निवडून दाखवावा लागला असता.